हप्ता फेडला, पण डॉलर किती उरले?

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कितीतरी सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या परदेशी यंत्र घेताना डॉलर किंवा युरोमधलं मुदत कर्ज घेतात. व्याजदर कमी दिसतो, हप्ते वेळेवर जातात, बँकेची तक्रार नसते. गोंधळ होतो तो ३१ मार्चला. सर्वांत रुजलेला गैरसमज असा की, कर्ज एकदा रुपयांत नोंदवलं की त्यातून फेडलेले रुपये वजा करायचे आणि उरेल ती बाकी. वस्तुस्थिती अशी की, देणं डॉलरचं आहे. डॉलरच्या खात्यात काय उरलं, हे आधी पाहायचं आणि रुपये त्यावरून काढायचे.

२०२२-२३ हे वर्ष घेऊ, कारण त्या वर्षी रुपया बराच घसरला. ३१ मार्च २०२२ ला डॉलर सुमारे ७५.८० रुपयांना होता, वर्षभरानंतर सुमारे ८२.२० ला. समजा, चाकणच्या एका कंपनीने २०२१ मध्ये ७४ रुपये दराने १० लाख डॉलरचं कर्ज घेऊन यंत्र आयात केलं. मार्च २०२२ ला त्याचं पुनर्मूल्यांकन झालं आणि पुस्तकात ७ कोटी ५८ लाख रुपये आले. पुढच्या वर्षी एकेक लाख डॉलरचे दोन हप्ते गेले, पहिला ७९ रुपये दराने, दुसरा ८२.८० ने. म्हणजे १ कोटी ६१ लाख ८० हजार रुपये बाहेर गेले आणि खातेवहीत ५ कोटी ९६ लाख २० हजार उरले. पण बँकेला अजून ८ लाख डॉलर द्यायचे आहेत आणि ८२.२० ने त्यांचे ६ कोटी ५७ लाख ६० हजार होतात. ६१ लाख ४० हजारांचा हा फरक म्हणजे वर्षाचा विनिमय तोटा.

हा सगळा तोटा उरलेल्या बाकीचाच, असं मानणं हीसुद्धा चूक. पहिल्या हप्त्यावर डॉलरमागे ३.२० म्हणजे ३ लाख २० हजार, दुसऱ्यावर ७ रुपये म्हणजे ७ लाख तोटा आधीच झालेला आहे, तो खिशातून गेला. उरलेल्या ८ लाख डॉलरवर ६.४० प्रमाणे ५१ लाख २० हजार. तिन्हींची बेरीज ६१ लाख ४० हजारच येते आणि हाच ताळा आहे. बेरीज जुळली नाही, तर बहुधा कोणीतरी हप्त्याची तुलना मार्चच्या ७५.८० ऐवजी मूळ ७४ शी केलेली असते. त्या १.८० रुपयांचा तोटा आदल्या वर्षीच नोंदला गेला असल्याने तो दोनदा लागतो. टॅलीत ताळेबंदावर Unadjusted Forex Gain/Loss ही ओळ दिसत राहिली, तर जर्नल नोंद राहून गेली आहे, एवढं नक्की.

यावर उद्योजकांचा आक्षेप मी गांभीर्याने घेतो: पैसे दिलेच नाहीत, रुपया उद्या सावरला तर? सावरला, तर पुढच्या वर्षी नफा नोंदवावा. लेखा मानक ११ नुसार चलनी देणं अखेरच्या दरानेच दाखवावं लागतं. ‘आमची निर्यात आहे, ती भरून काढेल’ हा दुसरा आक्षेप अर्धाच खरा. परदेशी येणी असतील तर त्यांचंही पुनर्मूल्यांकन होतं, पण ज्या निर्यातीचं बिलच अजून झालेलं नाही, ती आजच्या तोट्याला आधार देत नाही.

मग हा फरक यंत्राच्या किमतीत घालता येतो का? लेखा मानक ११ पाळणाऱ्या कंपनीला परिच्छेद ४६अ खाली घसाऱ्याच्या मालमत्तेसाठी तो पर्याय आहे, मात्र एकदा निवडला की मागे घेता येत नाही. पर्याय घेतला नसेल तर तोटा नफा-तोटा पत्रकात. आयकराचा हिशेब तर वेगळाच आहे, आणि इथे सगळ्यांत जास्त चुका होतात. त्या वर्षाला लागू असलेल्या १९६१ च्या कायद्याचं कलम ४३अ आयात यंत्राच्या बाबतीत फरक प्रत्यक्ष फेडीच्या वेळीच धरतं आणि तुलना यंत्र घेतानाच्या दराशी करतं. म्हणून आपल्या उदाहरणात हप्त्यांचे ५ लाख आणि ८ लाख ८० हजार, एकूण १३ लाख ८० हजार यंत्राच्या किमतीत मिळतात आणि त्यावर घसारा मिळतो. उरलेल्या बाकीचे ५१ लाख २० हजार त्या वर्षी करासाठी मोजले जात नाहीत. पुस्तकातला ६१ लाख ४० हजारांचा तोटा विवरणपत्रात तसाच खर्च म्हणून टाकला, तर तो नामंजूर होतो.

म्हणून वर्षअखेरीस रुपयांच्या खात्याआधी बँकेकडून उरलेल्या डॉलरचं लेखी पत्र मागवा, आणि हिशेब त्या आकड्यापासून सुरू करा.