उरलेला उमेदवार म्हणजे बहुमत नव्हे

यादीत निम्म्याहून जास्त वेळा येणारा घटक शोधायचा, तोही दोनच चलांची जागा वापरून. त्यासाठीची मतदान पद्धत रॉबर्ट बॉयर आणि जे स्ट्रदर मूर यांनी १९८० च्या सुमारास शोधली आणि १९९१ मध्ये तिच्यावरचा लेख छापून आला. ती आज मुलाखतीच्या तयारीतला ठरलेला प्रश्न झाली आहे, आणि तिच्यासोबत एक गैरसमजही पाठ झाला आहे: यादी एकदा वाचली की शेवटी हातात राहतो तोच बहुमताचा घटक. हे खरे नाही. इतक्या छोट्या पद्धतीचा अर्धाच भाग शिकवला जावा, याचा त्रास होतो. पहिली फेरी एवढीच आहे:

```
count = 0
for x in a:
    if count == 0:
        cand = x
    count += 1 if x == cand else -1
```

अ, अ, अ, ब, ब, क, क ही सात घटकांची यादी घ्या. तीन अ येतात तेव्हा मोजणी ३ होते, दोन ब ती १ वर आणतात, पहिला क ती शून्यावर नेतो. शेवटचा क येतो तेव्हा गादी रिकामी असते, म्हणून तोच उमेदवार होतो. उत्तर आले क. त्याच्या वाट्याला सातपैकी दोनच जागा आहेत, तर सर्वांत जास्त वेळा, म्हणजे तीनदा, अ आला आहे. बहुमत कुणालाच नाही. म्हणजे ही पद्धत बहुमत तर सोडाच, सर्वाधिक वेळा येणारा घटकसुद्धा देईल याची हमी नाही. ‘मतदान’ या शब्दामुळे डोळ्यांसमोर आपली निवडणूक येते, जिथे सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो. इथे तसे मतदान होतच नाही, इथे फक्त जोड्या कटतात.

मोजणी जेव्हा एकने घटते, तेव्हा उमेदवाराची एक प्रत आणि तिच्याहून वेगळा एक घटक अशी जोडी यादीतून बाद झाली असे समजा. अशा कोणत्याही जोडीत बहुमताचा घटक फार तर एकदाच असू शकतो. जोड्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाहीत आणि बहुमताच्या प्रती मात्र निम्म्याहून जास्त असतात, त्यामुळे निदान एक प्रत जोडीविना उरतेच. उरलेल्या साऱ्या प्रती शेवटच्या उमेदवाराच्या असतात, म्हणून तो उमेदवार म्हणजेच बहुमताचा घटक. पण या युक्तिवादाची सुरुवात ‘बहुमत असेल तर’ अशी आहे. बहुमत नसेल, तर उरलेल्याबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून दुसरी फेरी लागते: उमेदवार किती वेळा आला ते मोजायचे आणि आकडा निम्म्याहून जास्त आहे का ते पाहायचे. मूळ लेखातही ही फेरी आहे.

यावर हमखास आक्षेप येतो की लीटकोडवर एकाच फेरीचे उत्तर स्वीकारले जाते. जाते, कारण तिथल्या १६९ क्रमांकाच्या प्रश्नात बहुमताचा घटक असतोच असे आधीच सांगितले आहे. ती अट वाचायची राहते आणि कोड तेवढा लक्षात राहतो. खऱ्या डेटाला अशी हमी कुणी देत नाही.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे: अजून चतुर पद्धत एकाच फेरीत, तेवढ्याच जागेत, खात्रीचे उत्तर देऊ शकणार नाही का? नाही. आठ घटकांची यादी घ्या. पहिले चार एकमेकांहून वेगळे आणि पुढचे चारही ‘प’. पहिल्या चारांत प असेल तर तो आठपैकी पाचदा आला, बहुमत आहे; नसेल तर चारदाच, बहुमत नाही. पुढे कोणते अक्षर येणार हे आधी ठाऊक नसल्याने पहिल्या चारांत कोणकोण होते ते सारे लक्षात ठेवावे लागते. यादी वाढली की ही स्मृतीही वाढते. डेटा एकदाच वाहून जाणार असेल आणि पुन्हा वाचता येणार नसेल, तर हातात फक्त उमेदवार आहे, निकाल नाही, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

शेवटची मोजणी म्हणजे मताधिक्य, हाही समज चुकीचा: ब, क, अ, अ, अ या यादीत मोजणी ३ येते, पण अ इतरांपेक्षा एकानेच पुढे आहे, कारण ब आणि क आपसांतच कटले. मात्र मोजणी शून्यावर संपली तर बहुमत नाही हे पक्के, तिथे दुसरी फेरी नको. बरोबर निम्मे म्हणजे बहुमत नव्हे: अ, ब या यादीत मोजणी शून्यच होते. आणि बॉयर व मूर यांनीच १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेली मजकुरात शब्द शोधण्याची पद्धत पूर्ण वेगळी आहे, नामसाधर्म्यामुळे दोन्हींची गल्लत करू नये.

कोडमध्ये राहून गेलेली ओळ ही आहे:

```
ok = a.count(cand) > len(a) // 2
```

यादी रिकामी असेल तर `cand` ला किंमतच मिळत नाही, ती शक्यता आधी तपासावी.