सीरमचा शेअर कुठे मिळतो?

कोव्हिशिल्डचा डोस घेऊन घरी आलेल्या अनेकांनी २०२१ साली एक प्रश्न विचारला. एवढ्या लशी बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीचा शेअर घेता येईल का? ट्रेडिंग ॲपच्या शोधचौकटीत ‘सीरम’ टाकून काही हाती लागत नसे. त्या वर्षाच्या उत्तरार्धात ‘पूनावाला’ टाकलं की मात्र एक नाव यायचं, पुढे सिम्बॉल `POONAWALLA`. आडनाव तेच, घराणं तेच, आणि ‘खरेदी’चं बटण शेजारीच.

ती कंपनी होती पूनावाला फिनकॉर्प, कर्ज देणारी वित्तकंपनी. पूर्वी तिचं नाव मॅग्मा फिनकॉर्प होतं. अदर पूनावाला यांच्या गुंतवणूक कंपनीने २०२१ मध्ये तिचा ताबा घेतला, नाव बदललं आणि त्याबरोबर सिम्बॉलही बदलला. तिचा लशींशी संबंध नाही. लस बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही ‘प्रायव्हेट लिमिटेड’ कंपनी आहे, आणि या दोन शब्दांतच प्रश्नाचं उत्तर आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला आपले शेअर जनतेला विकायला काढण्याची कायद्याने मुभा नाही. म्हणून तिचा शेअर बाजारात शोधायची गरजच उरत नाही.

म्हणजे शोधाची सुरुवात ॲपपासून नव्हे, तर कंपनीच्या पूर्ण कायदेशीर नावापासून करायची. आपण बोलताना जे घेतो ते नाव बहुतेक वेळा ब्रँडचं, घराण्याचं किंवा समूहाचं असतं. बाजारात ब्रँडचा शेअर मिळत नाही, कंपनीचा मिळतो. पूर्ण नाव वेष्टणाच्या मागच्या बाजूला, बिलावर, यंत्राच्या पट्टीवर किंवा कंपनीच्या वेबसाइटच्या तळाशी छापलेलं असतं.

महाराष्ट्रात याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे किर्लोस्कर. ‘किर्लोस्करचा शेअर’ असं कुणी म्हणालं, तर कुठला, हे आधी विचारावं लागतं. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या, म्हणजे एनएसईच्या संकेतस्थळावर `Kirloskar` टाइप केलं की नावांची छोटी यादीच उघडते. किर्लोस्कर ब्रदर्स हा `KIRLOSBROS`, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा `KIRLOSENG`, किर्लोस्कर न्यूमॅटिक हा `KIRLPNU`. फेरस आणि इंडस्ट्रीज वेगळ्या. बंगळुरूच्या किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा सिम्बॉल तर `KECL`, त्यात किर्लोस्कर हे नाव ओळखूही येत नाही. टोयोटा किर्लोस्कर मोटर मात्र या यादीत नाही, कारण ती प्रायव्हेट लिमिटेड. विहिरीवरच्या पंपावर नुसतं ‘किर्लोस्कर’ वाचून भागत नाही, कारण पंप ब्रदर्सही विकते आणि ऑइल इंजिन्सही. पंपाच्या पट्टीवरची बारीक अक्षरं वाचावीच लागतात.

समजा, तिथे ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ असं सापडलं. ‘प्रायव्हेट’ नाही, म्हणजे ही पब्लिक लिमिटेड कंपनी. पण पब्लिक लिमिटेड असली म्हणजे ती बाजारात लिस्टेड असेलच असं नाही. इथे कंपनीचा ओळख क्रमांक, म्हणजे सीआयएन, कामाला येतो. कंपनीच्या लेटरहेडवर तो छापणं कायद्याने बंधनकारक आहे. किर्लोस्कर ब्रदर्सचा क्रमांक असा:

```
L29113PN1920PLC000670
```

एकवीस अक्षरं-आकडे पाहून घाबरायचं कारण नाही. पहिलं अक्षर `L` म्हणजे लिस्टेड. ते `U` असेल तर अनलिस्टेड. पुढचे पाच आकडे उद्योगाचे, `PN` म्हणजे पुण्याच्या कंपनी निबंधकाकडची नोंदणी, मग नोंदणीचं वर्ष १९२०, `PLC` म्हणजे पब्लिक लिमिटेड आणि शेवटी नोंदणी क्रमांक. उद्योगाच्या आकड्यांवर फार विसंबू नये. रिलायन्सच्या क्रमांकात अजून कापडधंद्याचाच आकडा आहे. पहिल्या अक्षराचंही तसंच. तो सरकारी नोंदीचा भाग आहे, बाजाराचा नव्हे. बाजारातून बाहेर पडलेल्या कंपनीची नोंद कधी मागेच राहते, म्हणून ते अक्षर खूण समजावी आणि खात्री शेअर बाजाराकडेच करावी.

मुंबई शेअर बाजाराच्या `bseindia.com` वर पूर्ण नाव टाकलं की `500241` हा सहा आकडी स्क्रिप कोड मिळतो. एनएसईवर असा आकडी कोड नसतो, तिथे जास्तीत जास्त दहा अक्षरांचा सिम्बॉल असतो. `KIRLOSBROS` मोजून पाहा, बरोबर दहा. दोन्ही ठिकाणी शोधायचं, कारण असंख्य छोट्या कंपन्या फक्त बीएसईवर आहेत आणि एनएसईवर नाव दिसलं नाही म्हणून कंपनी लिस्टेडच नाही असं ठरत नाही. गुगलवर भाव पाहायचा तर `NSE:KIRLOSBROS` किंवा `BOM:500241` असं लिहावं. याहू फायनान्सवर तोच शेअर `KIRLOSBROS.NS` या नावाने येतो.

कोड मिळाला तरी त्या पानावर आणखी दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, शेवटचा सौदा कोणत्या तारखेला झाला. तारीख महिन्या-वर्षांपूर्वीची असेल तर व्यवहार थांबवलेले असू शकतात. बीएसईवर ‘Z’ गटात टाकलेली कंपनी म्हणजे बाजाराचे नियम न पाळणारी. दुसरी, कंपनीने बाजाराला पाठवलेली पत्रं. ‘Announcements’ या भागात ती पीडीएफमध्ये असतात. पत्राच्या डोक्यावर दोन्ही बाजारांचे पत्ते, स्क्रिप कोड आणि सिम्बॉल बहुधा कंपनीनेच लिहिलेले असतात, आणि त्याच लेटरहेडवर सीआयएन असतो. कोड, सिम्बॉल आणि कंपनी यांची जोडी जुळते का, हे एका कागदावर तपासता येतं. कंपनी नेमका काय धंदा करते, तेही याच पत्रांतून कळतं.

ही पत्रं वाचायचा कंटाळा केला की काय होतं, ते एप्रिल २०२१ मध्ये दिसलं. देशात ऑक्सिजनची टंचाई होती आणि बीएसईवरचा ‘बॉम्बे ऑक्सिजन’ रोज वरच्या सर्किटला जाऊन थांबत होता. काही आठवड्यांत भाव दुपटीहून वर गेला. त्या कंपनीचं पूर्ण नाव होतं बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स लिमिटेड. तिने ऑगस्ट २०१९ मध्येच वायूचा धंदा बंद केला होता आणि ती शेअर व म्युच्युअल फंडांत पैसे गुंतवणारी कंपनी झाली होती. सिलिंडर एकही भरला जात नव्हता. कंपनी लिस्टेड होती, कोड बरोबर होता, नावही खरं होतं. लोकांनी फक्त ‘इन्व्हेस्टमेंट्स’ हा शब्द वाचला नाही.

याच्या उलट फसगत अनलिस्टेड शेअर विकणाऱ्यांकडे होते. ‘साहेब, आयएसआयएन आहे, डिमॅटमध्ये जमा होईल’ असं सांगून ते `INE` ने सुरू होणारा बारा अक्षरी क्रमांक दाखवतात. क्रमांक खरा असतो आणि शेअर डिमॅटमध्ये जमाही होतात. पण आयएसआयएन बाजारात लिस्टेड नसलेल्या कंपनीलाही मिळतो, तो डिमॅट खात्यातल्या ओळखीसाठी असतो. असा शेअर विकायला निघालं की ॲपमध्ये ‘विक्री’चं बटणच उमटत नाही, कारण त्याला सिम्बॉलही नसतो आणि स्क्रिप कोडही. गिऱ्हाईक स्वतःच शोधावं लागतं, आणि भाव तो म्हणेल तो.