नवस ‘बोलला’ की काय घडते?

‘मूल बरे होऊ दे, देवीची ओटी भरीन,’ हा नवस खरा की खोटा, असे कोणी विचारत नाही. हे वाक्य माहिती देत नाही, बोलणाऱ्याला बांधते. ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्डमधील व्याख्यानांत अशा बोलण्याला कृती मानले.

ही कृती दोन प्रकारे बिघडते. ओटी भरली नाही, तरी नवस झालेला असतो. तो फेडायचा राहतो. मात्र बोलणाऱ्याला अधिकारच नसेल, तर कृती घडतच नाही. आशीर्वाद वडीलधाऱ्यांनी द्यायचा, शाप तपस्व्याचा लागायचा, ही समजूत अशाच अधिकारावर उभी आहे.

‘मुलगी देवाला वाहीन’ या नवसात मात्र बोलतात आईवडील आणि बांधली जाते मुलगी. रूढीने त्यांना हा अधिकार दिला होता. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने तो काढून घेतला. मुलीची संमती असो वा नसो, देवदासी म्हणून वाहण्याचा विधी बेकायदा आणि परिणामशून्य ठरला. अशा स्त्रीचे लग्नही वैध ठरले. मंत्र तेच राहिले, पण कायद्यापुरते बंधन संपले. देवीच्या कोपाची घरातली भीती मात्र कायद्याच्या कलमाने संपत नाही.