फंडिंगचे व्याज आणि तुटणारा पाय

एक बिटकॉइन 1,00,000 डॉलरला रोखीने विकत घ्यायचे आणि त्याच वेळी मुदत नसलेल्या वायद्यात, म्हणजे पर्पेच्युअलमध्ये, तेवढेच विकायचे. भाव कुठेही गेला तरी एका बाजूचा तोटा दुसरी बाजू भरून काढते. वायद्याचा भाव रोख भावाच्या वर असेल, तर खरेदीदार विक्रेत्याला फंडिंग देतात. दर आठ तासांना 0.01 टक्के धरले तर दिवसाला 30 डॉलर, वर्षाला सुमारे 11 टक्के. मात्र वायद्यासाठी 50,000 डॉलर मार्जिन ठेवले, तर एकूण भांडवलावर तोच परतावा सव्वासात टक्क्यांवर येतो. दर उणे झाला, तर पैसे आपल्यालाच द्यावे लागतात.

भाव दीडपटीकडे गेला, की मार्जिन संपून विक्रीचा सौदा सक्तीने बंद होतो. नाणे दुसरीकडे असेल, तर त्यावरचा नफा वेळेत उपयोगी पडत नाही. घसरणीतला धोका मला अधिक गंभीर वाटतो. 10 ऑक्टोबर 2025 च्या पडझडीत तोट्यातले सौदे झेलायला पुरेसे ग्राहक उरले नाहीत, तेव्हा काही एक्स्चेंजनी नफ्यातले विक्री-सौदेही परस्पर बंद केले. ज्यांचे असे झाले, त्यांच्या हाती घसरत्या बाजारात उघडे नाणे उरले. म्हणून एक्स्चेंजचा ‘ऑटो-डिलिव्हरेजिंग’चा नियम आधी वाचा, परताव्याचा हिशेब नंतर करा.