आत्यासाठी बोंडअळीचा परिच्छेद

कीटकशास्त्राच्या प्रबंधात, पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात, असं वाक्य सहज भेटतं : ‘गुलाबी बोंडअळीत क्राय१एसी प्रथिनाविरुद्ध प्रतिकारक्षमता नोंदवली गेली असून, आश्रयपिकाचा अभाव हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते, मात्र वाणांच्या दीर्घ कालावधीचा वाटा अनिर्णित आहे.’ बँकेत नोकरी केलेल्या आत्याला हे सांगायचं, तर कठीण शब्दांना सोपे शब्द देऊन भागत नाही. त्यात घडलेली गोष्ट कोणती, अनुमान कोणतं आणि वाद कोणता, हे आधी वेगळं करावं लागतं.

मग असं सांगता येतं : “आत्या, भारतात २००२ साली आलेल्या बीटी कपाशीत अळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार होतं. काही मोजक्या अळ्या त्यातूनही वाचतात. शेजारी साधी कपाशी असेल, तर तिथले पतंग या वाचलेल्यांशी जुळतात आणि त्यांची बहुतेक पिल्लं बीटी कपाशीवर मरतात. पण आपल्याकडे अनेकांनी साधी कपाशी लावलीच नाही. म्हणून वाचलेल्यांचीच पैदास वाढली, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. पीक शेतात फार महिने उभं राहतं, त्याचा किती वाटा, हे अजून ठरलेलं नाही. मी तेच तपासतेय.”

इथे ‘संभाव्य’ची जागा ‘असं वाटतं’ने घेतली आहे. ते गळलं असतं, तर अंदाज सिद्ध ठरला असता. शेवटी आत्यालाच सगळं परत सांगायला लावावं. ती ‘शेतकऱ्यांमुळेच अळी माजली’ म्हणाली, तर पिकाच्या कालावधीचा मुद्दा पोहोचलेला नाही. तेवढाच पुन्हा सांगावा.