तारीख पेन्सिलीने लिही

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक इराणी आजी राहतात. पुण्याच्या कॅम्पात राहणारी मुलं त्यांना आंटी म्हणतात, म्हणून आम्ही मोठेही तेच म्हणतो. दरवर्षी २१ मार्चला त्या हॉलमधल्या टेबलावर नवरोज मांडतात आणि दार उघडं ठेवतात. मग प्रश्न सुरू होतात. मासा का ठेवलाय, आरसा कशाला, तुमचं नवं वर्ष ऑगस्टमध्ये असतं ना? एका वर्षी त्या कंटाळून मला म्हणाल्या, "दीकरा, तू लिहितोस ना? पाच मिनिटांचं काहीतरी लिहून दे. मी उभी राहून वाचीन, म्हणजे दहादा सांगायला नको."

निवेदन लिहायला मला एक संध्याकाळ लागली, दुरुस्त करायला तीन आठवडे. माझा पहिला मसुदा आंटींनी चष्मा लावून वाचला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. ओळ होती, "सर्वांना पतेतीच्या हार्दिक शुभेच्छा."

पतेती हा शब्द मराठी घरांत पारशी नववर्षाचं नाव म्हणूनच रुळला आहे. पण तो आला 'पतेत'वरून, आणि पतेत म्हणजे पश्चात्तापाची प्रार्थना. वर्षभरात जे चुकलं ते अहुर मझ्दासमोर कबूल करायचा हा दिवस वर्षाचा शेवटचा, नव्या वर्षाचा नव्हे. शिवाय त्याच्याआधीचे दिवस मुक्तादचे असतात. घरातल्या गेलेल्या माणसांसाठी अग्यारीत संगमरवरी टेबलांवर फुलदाण्या ठेवून प्रार्थना होतात, त्यांचे फ्रवशी या दिवसांत घरच्यांना भेटायला येतात असं मानलं जातं. म्हणजे 'हॅपी पतेती' म्हणणं हे जवळजवळ 'सर्वपित्रीच्या शुभेच्छा' म्हणण्यासारखं आहे. हे ऐकल्यावर मी ती ओळ खोडली. आंटी हसून म्हणाल्या की त्यांना कुणी तसं म्हटलं तर त्या रागावत नाहीत, पण लिहिलेलं निवेदन मात्र बरोबर हवं.

दुसरा प्रश्न ऑगस्टचा. टेबल मार्चमध्ये आणि महाराष्ट्र सरकारच्या सुट्ट्यांच्या यादीत 'पारशी नववर्ष (शहेनशाही)' ऑगस्टमध्ये, हे कसं?

जरथुश्त्री पंचांगात तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी गाथांचे पाच दिवस असतात. बेरीज ३६५. सूर्याला मात्र सुमारे पाव दिवस जास्त लागतो. तो पाव दिवस धरलाच नाही, तर नवं वर्ष दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकतं. शेवटचा सासानी राजा तिसरा यज्दगर्द ६३२ साली गादीवर आला. त्या वर्षापासून पारशी आपला सन मोजतात, आणि तेव्हा वर्षारंभ जूनमध्ये होता. तिथून तो मे, एप्रिल, मार्च असा मागे मागे जात जवळजवळ एक पूर्ण फेरी मारून आता जुलैत आला आहे. पण हा झाला कदमी लोकांचा हिशेब. भारतातल्या पारशांनी मध्ययुगात एकदा एक जादा महिना घातला, आपल्या अधिकासारखा. इराणातल्यांनी तो घातला नाही. त्यामुळे भारतातले पारशी एक महिना मागे राहिले. इराणातून आलेल्या धर्मपंडितांमुळे हा फरक ध्यानात आला तेव्हा सुरतेत मोठा वाद झाला आणि १७४५ साली काही जणांनी इराणी गणना धरली. तेच कदमी, म्हणजे जुन्या वळणाचे. उरलेले, आणि आजही संख्येने बहुसंख्य असलेले, ते शहेनशाही. म्हणून त्यांचा वर्षारंभ ऑगस्टमध्ये. पुढे १९०६ साली मुंबईत खरशेदजी कामा यांनी ऋतूशी बांधलेल्या तिसऱ्या, फसली पंचांगाचा आग्रह धरला. त्यात २१ मार्च हाच वर्षारंभ.

मार्चमधल्या त्या दिवसाला पारशी जमशेदी नवरोज म्हणतात. पंचांग कुठलंही असो, वसंतसंपाताचा हा सण बहुतेक घरांत होतो. संपाताचा क्षण दरवर्षी बदलतो. २०२५ साली तो २० मार्चला दुपारी अडीचच्या सुमारास होता. आंटींचे इराणातले नातेवाईक त्या मिनिटाला टेबलाभोवती बसतात. आंटी मात्र २१ तारखेलाच मांडतात, "इथे सगळे त्या दिवशी येतात ना, म्हणून."

आता टेबल. माझ्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "हफ्त-सीन ही तीन हजार वर्षांची जरथुश्त्री परंपरा." आंटींनी त्यावरही पेन्सिल फिरवली.

हफ्त-सीन म्हणजे फारसीतल्या 'सीन' या अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तू. सब्जे म्हणजे रुजवलेले कोंब, समनू, सेंजेद नावाचं सुकं फळ, सीर म्हणजे लसूण, सीब म्हणजे सफरचंद, सुमाक आणि सिर्के, आपला शिरका. जोडीला सिक्के आणि सुंबुलची फुलं. नियम उच्चाराचा नाही, अक्षराचा आहे. फारसीत 'स' ऐकू येणारी तीन अक्षरं आहेत, त्यामुळे साबण चालत नाही. तो वेगळ्या अक्षराने लिहितात.

ही मांडणी इराणात सगळ्याच धर्मांची माणसं करतात. जुन्या ग्रंथांत नवरोजला सात धान्यं रुजवल्याचे, सात वाट्या मांडल्याचे उल्लेख आहेत, पण 'सात सीन' ही ठरावीक यादी त्यांत सापडत नाही. ती अलीकडच्या शतकांतली दिसते. कुणी सांगतात की पूर्वी 'शीन'च्या सात वस्तू होत्या, त्यांत शराब होती, अरबांच्या राज्यात ती गेली आणि 'सीन' आलं. गोष्ट रंगतदार आहे, पण तिच्यातच गोम आहे. त्या कथित जुन्या यादीतले शराब आणि शमा हे शब्द स्वतःच अरबी आहेत. अरबांच्या आधीच्या टेबलावर ते कसे असतील?

मग आंटींच्या टेबलावर काय असतं? त्यांचे आजोबा यज्दजवळच्या गावातून आले. तिथल्या जरथुश्त्रींवर जिझिया होता, तो १८८२ साली रद्द झाला. पण त्याच्या आधी आणि नंतरही कितीतरी कुटुंबं मुंबई-पुण्याला आली आणि त्यांतल्या अनेकांनी चहाची हॉटेलं काढली. त्या घरांच्या टेबलावर अक्षराला फार महत्त्व नाही. मधोमध जरथुश्त्राची तसबीर आणि खोर्देह अवेस्ता, समोर दिवा. भोवती पाण्याचं भांडं, दूध, रंगवलेली अंडी, चांदीची नाणी, गुलाबपाणी, फुलं, सुका मेवा, आरसा आणि कोंबांचं ताट.

आंटी या वस्तू अमेशास्पंदांच्या नावांनी समजावतात. अहुर मझ्दाच्या या शक्तींकडे सृष्टीचा एकेक भाग सोपवलेला आहे. दिवा अर्दीबेहेश्तचा, नाणी म्हणजे धातू शेहरेवरचा, पाणी खोरदादचं, कोंब अमरदादचे, दूध बहमनचं कारण गुरंढोरं त्याची, आणि कोंब ज्यात उगवतात ती माती अस्पंदार्मदची. राहिला माणूस. तो खुद्द होर्मज्दचा, आणि टेबलावर तो दिसतो आरशात. पाहुणा आला की आंटी त्याच्या हातावर गुलाबपाणी शिंपडतात आणि आरसा समोर धरतात. हसून बघायचं, मनात काही इच्छा धरायची, मग मिठाई. गंमत अशी की हीच नावं पंचांगातल्या महिन्यांनाही आहेत. ज्या पंचांगावरून इतका वाद झाला, ते जणू टेबलावर मांडलेलं असतं.

कोंबांचं काम गेल्या वर्षी आंटींनी माझ्यावर टाकलं. आपल्या घटाच्या रुजवणीसारखंच, असं समजून मी मार्चच्या पहिल्या तारखेला गहू पेरले आणि फसलो. यज्दच्या थंडीत दोन आठवडे लागतात, पुण्याच्या मार्चमध्ये इतके नाही. वीस तारखेपर्यंत कोंब पिवळे पडून आडवे झाले होते, आणि खालून आंबूस वास येत होता, कारण मी गव्हाचा जाड थर दिला होता आणि ताटात पाणी साचलं होतं. आंटींची रीत अशी: मूठभर गहू रात्रभर भिजवायचे, ओल्या फडक्यात बांधून मोड दिसेपर्यंत ठेवायचे, मग ताटात एकाच दाण्याचा थर पसरायचा आणि रोज हाताने पाणी शिंपडायचं. सणाआधी नऊ-दहा दिवस सुरुवात केली की पुरतं. उभे राहिले की भोवती लाल फीत.

समनू मात्र त्या करत नाहीत. मोड आलेल्या गव्हाचा चीक काढून, पीठ घालून तासन्‌तास ढवळावा लागतो. कुरडयांच्या चिकाशी आपली ओळख आहे, पण तो चीक भिजवलेल्या गव्हाचा. इथे गव्हाला मोड आणल्यामुळे पिठाची साखर होते आणि साखरेचा कणही न घालता समनू गोड लागतं. सेंजेदही पुण्यात मिळत नाही, तिथे त्या खजूर ठेवतात. शिरक्याच्या जागी नवसारीचा उसाचा सरको येतो.

ऑगस्टच्या नवरोजला पारशी घरांत हे टेबल क्वचितच दिसतं. तिथे मान सेसचा. चांदीच्या गोल तबकात गुलाबपाण्याचा गुलाबाज, कुंकवाची पिगानी, साखरेच्या डोंगराचं प्रतीक असलेला सुळक्यासारखा सोपारो, सोबत नारळ, सुपारी, तांदूळ. दाराला तोरण, उंबऱ्यावर चुन्याची रांगोळी, न्याहारीला सेव आणि गोड दही. मराठी माणसाला हे तबक ओळखीचं वाटतं. शतकानुशतकं गुजरातेत शेजारी राहिल्याची ती खूण आहे.

शेवटी निवेदन एका पानात बसलं. आंटींनी वाचलं ते असं:

"या, बसा. आज जमशेदी नवरोज. दिवस-रात्र सारखी होतात, वसंत येतो. आज 'नवरोज मुबारक' म्हणा. माझे इराणातले भाऊबंद 'नवरोज पीरोज' म्हणतात, कारण मुबारक शब्द अरबी, पीरोज आमचा. ऑगस्टमध्ये पारशी शेजारी भेटले तर 'साल मुबारक' म्हणा, तुमचे गुजराती शेजारी पाडव्याला म्हणतात तेच. त्यानंतर सहाव्या दिवशी खोरदाद साल, जरथुश्त्र पैगंबरांचा जन्मदिवस, तेव्हाही मुबारक म्हणा. पण आधीच्या मुक्तादच्या दिवसांत काही म्हणू नका, नुसते भेटा. अग्यारीत तुम्हाला येता येत नाही, या टेबलाशी येता येतं. आम्ही आगीची पूजा करतो असं लोक म्हणतात. आम्ही देवाला भजतो, आगीकडे तोंड करून. म्हणून या दिव्यावर फुंकर घालू नका, तो आपोआप विझू दे. आता आरशात बघा आणि हसा."

वाचून झाल्यावर एका लहान मुलाने वाढदिवसाच्या सवयीने दिव्याकडे गाल फुगवले. त्याच्या आईने वेळेत तोंडावर हात ठेवला. निवेदनातली सगळ्यांत उपयोगी ओळ तीच ठरली.

ऑगस्टसाठी याचंच दुसरं पान मी त्यांना दिलं. त्यांच्या पारशी मैत्रिणीला ते हवं होतं. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, '१५ ऑगस्ट, पारशी नववर्ष'. आंटींनी खोडरबर मागितलं.

"२०२३ साली सोळा होती," त्या म्हणाल्या. "आता पंधरा आहे, झेंडावंदन आणि नवरोज एकाच दिवशी. २०२८ साली चौदा होईल. दीकरा, बाकी सगळं पेनाने लिही. तारीख पेन्सिलीने लिही."