महाभारत नेमकं कोणत्या रविवारी संपलं?

हिंगोलीत गणेशोत्सवाच्या प्रश्नमंजूषेत दूरदर्शनच्या जुन्या मालिकांवर एखादा प्रश्न हमखास असतो. समजा प्रश्न निघाला, ‘बी. आर. चोप्रांच्या महाभारताचा शेवटचा भाग कधी लागला?’ एक गट म्हणतो २४ जून १९९०, दुसरा म्हणतो जुलै. लगेच मोबाइल बाहेर येतात, कुणीतरी चाहत्यांनी तयार केलेली भागांची यादी उघडतं आणि परीक्षकांसमोर धरतं. परीक्षकांनी ती मान्य करावी का?

अशा यादीत दोन जातींची माहिती एकाच ओळीत बसलेली असते. भागात काय घडलं, कोणतं पात्र पहिल्यांदा दिसलं, हे चाहत्याने चित्रफीत पाहून लिहिलेलं असतं आणि तुम्हीही तो भाग लावून पाच मिनिटांत ताडून पाहू शकता. नितीश भारद्वाज यांचा कृष्ण पहिल्यांदा कोणत्या भागात दिसतो यावरून वाद झाला, तर यादी फक्त वाट दाखवते, निकाल चित्रफीत देते. प्रक्षेपणाची तारीख मात्र चित्रफितीत नसते. ती कुठल्यातरी कागदावरून यावी लागते, किंवा मग कुणीतरी मोजून भरलेली असते. म्हणून पहिल्या बाबतीत अचूक असलेली यादी दुसऱ्या बाबतीत साफ चुकू शकते.

तारखा तपासायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. आधी ‘रामायण’ घेऊ. पहिला भाग २५ जानेवारी १९८७, शेवटचा ३१ जुलै १९८८, एकूण भाग ७८, असं सगळीकडे सांगितलं जातं. दोन्ही तारखा रविवारच्या आहेत आणि ती दोन्ही टोकं धरून मधे ८० रविवार येतात. म्हणजे दोन रविवारी मालिका लागली नसावी. दीड वर्षात दोन खाडे पटण्यासारखे आहेत. यादीत ते दोन मोकळे रविवार नेमके दाखवले असतील, तर ती करणाऱ्याने कागद पाहिला असण्याची शक्यता वाढते.

आता ‘महाभारत’. पहिला भाग २ ऑक्टोबर १९८८, शेवटचा २४ जून १९९०, एकूण भाग ९४. हेही रविवारच, पण मोजले तर ९१ भरतात! भाग मात्र तीन जास्त. एकही रविवार न चुकवता दर आठवड्याला एक भाग धरला, तर चौऱ्याण्णवावा १५ जुलैला येतो. मग काही वेळा दोन भाग एकत्र दाखवले असतील, किंवा पुढे चित्रफिती काढताना भागांची विभागणी बदलली असेल, किंवा शेवटची तारीखच चुकलेली असेल. यांतलं काय खरं ते यादी सांगत नाही, आणि जी यादी या विसंगतीची दखलही घेत नाही, तिने तारखा ताडलेल्याच नाहीत.

उलट, सलग ९४ रविवार लावून १५ जुलैवर संपणारी यादी सापडली, तर तिच्याकडेही मी संशयानेच पाहीन. पावणेदोन वर्षांत एकही खंड नाही? त्याच काळात लोकसभेची निवडणूक झाली आणि मतदानाचा एक दिवस, २६ नोव्हेंबर १९८९, रविवारच होता. त्या दिवशी मालिका लागली की नाही, हे यादीकर्त्याने तपासलं होतं का, एवढं विचारलं तरी पुष्कळ उलगडतं.

पाच ठिकाणी एकच तारीख आहे, हा युक्तिवाद परीक्षकांनी ऐकू नये. याद्या एकमेकींवरून उतरवल्या जातात. पाचही ठिकाणी तीच तारीख, तेच शब्द आणि नावातली तीच चूक दिसली, तर तो एकच साक्षीदार आहे. क्रमांकांबाबतही सावध राहावं. २०२० च्या टाळेबंदीत रामायण २८ मार्च ते १८ एप्रिल रोज दोनदा, तासातासाच्या वेळेत दाखवलं गेलं. बावीस दिवसांच्या त्या चव्वेचाळीस वेळांत ७८ भाग बसवायचे, तर ते जोडावेच लागतात. तेव्हा पाहणाऱ्याचा ‘विसावा भाग’ आणि १९८७ चा विसावा भाग एक नव्हेत.

माझा निकाल असा: भाग किती, यावर ९४ हे उत्तर मान्य करावं, कारण प्रसिद्ध झालेला संच तेवढाच आहे. शेवटची तारीख यादीवरून ठरवू नये. तो प्रश्न रद्द करून दुसरा विचारावा.

खरा निवाडा चार रविवारांच्या वर्तमानपत्रांत आहे: २४ जून, १, ८ आणि १५ जुलै १९९०. तेव्हा दैनिकं दूरदर्शनचे कार्यक्रम छापत. १ जुलैच्या अंकात सकाळच्या वेळेला महाभारत असेल, तर २४ जून बाद. छापलेला कार्यक्रम आयत्या वेळी बदलूही शकतो, म्हणून सोमवारचा अंकही चाळावा. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्यामुळे जुने अंक शोधताना परभणीची ग्रंथालयंही धुंडाळावी लागतील. ज्यांच्या घरी किंवा वाचनालयात त्या महिन्यांच्या फायली शिल्लक आहेत, त्यांनी ही चार पानं काढून त्यांची छायाचित्रं जपून ठेवावीत.